एकच साडी दोन ठिकाणी विकली जाऊ नये म्हणून: दोन ढिगांची शीट

आम्ही नागपुरात, सक्करदऱ्याला घरातूनच साड्यांचा व्यवसाय करतो. माल मुख्यत्वे करवतकाठी टसर साड्यांचा असतो आणि तो भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातून, आंधळगावच्या विणकरांकडून येतो. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली ही साडी हातमागावर विणली जाते. त्यामुळे एका रंगाचे चार नग मिळाले तरी आम्ही ते भरपूर समजतो, आणि संपलेला रंग दुसऱ्या दिवशी इतवारीत जाऊन उचलून आणता येत नाही. विक्रीचे मार्ग दोन आहेत: एक ऑनलाइन बाजारपेठ आणि दुसरा व्हॉट्सॲप. हा लेख अशाच छोट्या विक्रेत्यांसाठी आहे, ज्यांच्याकडे प्रत्येक वस्तूचे मोजकेच नग असतात, दोन ठिकाणी विक्री चालते आणि हिशेब ठेवायला गुगल शीटच्या पलीकडे काही नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे कॉफी रंगाची एकच साडी उरली होती. रात्री नऊच्या सुमारास प्रतापनगरच्या एका नेहमीच्या ग्राहक काकूंनी ती व्हॉट्सॲपवर मागितली. आम्ही लगेच होकार दिला आणि शीटमधला १ खोडून ० केला. बाजारपेठेवरचा आकडा मात्र जेवण झाल्यावर बदलू असे ठरवले, आणि त्या पंधरा मिनिटांत पुण्याहून त्याच साडीची ऑर्डर येऊन पडली. शीट अगदी बरोबर होती, तरीही एक साडी दोघांना विकली गेली, आणि बाजारपेठेवरची ऑर्डर आम्हाला रद्द करावी लागली.

विक्रेत्याने स्वतः रद्द केलेली ऑर्डर महागात पडते, कारण बाजारपेठा त्याचे प्रमाण मोजत असतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनवर सात दिवसांच्या हिशेबात हे प्रमाण २.५ टक्क्यांच्या खाली असावे अशी अपेक्षा असते. आठवड्याला वीस ऑर्डर घेणाऱ्या विक्रेत्याने एकच ऑर्डर रद्द केली तरी प्रमाण थेट ५ टक्क्यांवर जाते. मोठ्या विक्रेत्याला असा एखादा नग पचतो, लहानाला तो पचत नाही.

त्या रात्री आमच्या शीटमध्ये फक्त ‘किती नग आहेत’ एवढेच लिहिलेले होते आणि ‘किती नगांचा शब्द कुठे दिलेला आहे’ हे कुठेच नव्हते. बाजारपेठेवर ‘उपलब्ध: १’ असे दिसत असते, तेव्हा तो नग पहिल्या मागणाऱ्याला द्यायचे आपण आधीच कबूल केलेले असते. रात्री दोन वाजता कोणी ऑर्डर टाकली तरी बाजारपेठ आपल्याला विचारायला येत नाही. म्हणून बाजारपेठेवर दाखवलेला नग हा आपल्या हातात राहिलेला नाही असेच धरून चालावे, आणि शीटही तशीच मांडावी.

ढीग दोन करावेत

प्रत्येक वस्तूच्या साठ्याचे कागदावर दोन ढीग करायचे. बाजारपेठेवर दाखवलेल्या नगांचा ढीग ‘बाजार’, आणि बाजारपेठेवर न दाखवलेल्या, आपण स्वतः कोणालाही देऊ शकतो अशा नगांचा ढीग ‘घर’. साड्या एकाच कपाटात असतील तरी चालेल, कारण ही विभागणी हिशेबातली आहे. नियम एकच आहे: व्हॉट्सॲपवर फक्त घरच्या ढिगातून द्यायचे आणि बाजारपेठेची ऑर्डर फक्त बाजारच्या ढिगातून वजा करायची. कोणताही नग एकाच वेळी दोन्ही ढिगांत नसल्यामुळे, दोघांनी एकाच मिनिटाला मागणी केली तरी तो दोनदा विकला जाऊ शकत नाही.

वस्तूंचे कोड

शीट उघडण्याआधी प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक नक्षीला स्वतंत्र कोड द्यावा आणि तो साडीच्या घडीवर चिठ्ठी लावून लिहावा. बाजारपेठेच्या सेलर पॅनलमध्ये `SKU` नावाचा रकाना असतो; तिथेही अक्षरशः हाच कोड टाकावा. चिंचेचा रंग आणि कॉफी रंग फोटोत सारखे दिसतात म्हणून दोघांना एकच कोड दिला, तर एकूण आकडा बरोबर राहूनही चुकीच्या रंगाचा शब्द दिला जातो, आणि ही चूक शीटमध्ये कधीच दिसत नाही.

कोड साधा असावा, जसे `TK-11`. मरून रंगासाठी `MAR-04` असा कोड देण्याचा मोह होतो, पण शीट त्याला मार्च महिन्यातली तारीख समजून बदलून टाकू शकते. `007` सारखा कोड दिला तर पुढची शून्ये गळतात. म्हणून कोडचा पूर्ण रकाना आधी निवडून `Format` → `Number` → `Plain text` असा ठेवावा.

पहिले पान: नोंद

गुगल शीटमध्ये दोन पाने करावीत. पहिल्याचे नाव ‘नोंद’. ही रोजकीर्द आहे आणि प्रत्येक घडामोडीची एक ओळ तिच्यात खाली वाढत जाते. रकाने सहा पुरतात: A मध्ये वेळ, B मध्ये कोड, C मध्ये प्रकार, D मध्ये बाजारच्या ढिगातला बदल, E मध्ये घरच्या ढिगातला बदल आणि F मध्ये ऑर्डर क्रमांक किंवा ग्राहकाची खूण.

साठ्याचा आकडा खोडून नवा लिहिण्याची सवय इथे पूर्णपणे सोडावी लागते. खोडलेल्या आकड्यावरून तो कोणी बदलला, कशासाठी बदलला आणि दोघांनी एकच विक्री दोनदा वजा केली का, हे काहीच कळत नाही. ओळी वाढत गेल्या तर चूक कुठल्या ओळीत आहे हे बोट ठेवून दाखवता येते.

प्रकाराचे शब्द ठरलेलेच असावेत: आवक, हलवणे, विक्री, राखीव, सोडले, परत जमा, फरक. ते हाताने लिहू नयेत. C रकाना निवडून `Data` → `Data validation` मधून त्यांची यादी लावावी. कोणी ‘विक्री’ लिहिले आणि कोणी ‘विक्रि’, तर माणसाला दोन्ही एकच वाटतात, पण शीटला ते दोन वेगळे शब्द असतात. कोडच्या B रकान्यालाही तशीच यादी लावावी, कारण कोडच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही आणि सूत्र मात्र ती ओळ मोजत नाही.

प्रत्येक घडामोड कशी लिहायची ते चार नगांच्या उदाहरणावरून पाहू. चिंच रंगाच्या `TK-11` चे चार नग आंधळगावहून आले, त्यातले दोन बाजारपेठेवर लावले, त्यातला एक तिथे विकला गेला, एक व्हॉट्सॲपवर एका काकूंसाठी बाजूला ठेवला आणि एक दुसऱ्या ताईंनी पैसे देऊन घेतला:

```
कोड     प्रकार    बाजार   घर
TK-11   आवक              +4
TK-11   हलवणे    +2      -2
TK-11   विक्री     -1
TK-11   राखीव             -1
TK-11   विक्री             -1
```

पाच ओळींनंतर बाजारच्या ढिगात १ आणि घरच्या ढिगात ० उरतात. ‘हलवणे’ या ओळीत दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी शून्य असते, कारण साडी एका ढिगातून दुसऱ्यात गेलेली असते, घराबाहेर पडलेली नसते.

वेळेच्या रकान्यात `NOW()` हे सूत्र टाकू नये. शीटमध्ये काहीही बदलले की तेही बदलते आणि जुन्या सर्व ओळींवर आत्ताची वेळ येऊन बसते. संगणकावर `Ctrl+Alt+Shift+;` दाबल्यावर त्या क्षणाची तारीख आणि वेळ कायमची उमटते. मोबाइलवर ती हाताने लिहावी लागते, पण तेवढा त्रास घ्यावा, कारण दोन ग्राहकांपैकी आधी कोणी मागितले हा प्रश्न सणाच्या दिवसांत येतोच.

आकडे नेहमी साध्या इंग्रजी अंकांत टाकावेत. मराठी कळफलकावरून टाकलेला अंक किंवा अंकाला चिकटलेले ‘नग’ असे अक्षर यांमुळे आकडा मजकूर म्हणून बसू शकतो, आणि बेरजेचे सूत्र मजकुराकडे दुर्लक्ष करते. ओळखण्याची खूण सोपी आहे: खरा आकडा आपोआप उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो.

दुसरे पान: साठा

दुसऱ्या पानाचे नाव ‘साठा’. तिथे प्रत्येक कोडची एकच ओळ असते: A मध्ये कोड, B मध्ये वर्णन, C मध्ये बाजार, D मध्ये घर आणि E मध्ये एकूण. C, D आणि E मध्ये हाताने काहीही लिहायचे नाही. तिथे अनुक्रमे ही सूत्रे असतात आणि ती खालपर्यंत ओढून घ्यायची असतात:

```
=SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2)
=SUMIFS('नोंद'!E:E,'नोंद'!B:B,A2)
=C2+D2
```

हे तीन रकाने `Data` → `Protect sheets and ranges` मधून बंद करून टाकावेत. घाईत कोणीतरी D2 मध्ये सरळ २ टाकतो, सूत्र पुसले जाते आणि त्या साडीचा आकडा पुढे कायम २ राहतो. ही चूक फार उशिरा लक्षात येते.

याच पानावर बाजूला, उदाहरणार्थ H1 मध्ये, आणखी एक सूत्र ठेवावे:

```
=SUM('नोंद'!D:E)-SUM(C2:D500)
```

याचे उत्तर नेहमी ० यायला हवे. ते शून्य नसेल तर नोंदीत एखादा असा कोड पडलेला आहे, जो साठ्याच्या यादीत नाही. बहुतेक वेळा नवा रंग आलेला असतो आणि त्याची ओळ करायची राहिलेली असते.

उलट्या चिन्हाची चूक पकडण्यासाठी नोंदीच्या पानावर दुसऱ्या ओळीपासून खालचा भाग निवडून `Format` → `Conditional formatting` → `Custom formula is` मध्ये पुढच्या दोन अटी लाल रंगासह टाकाव्यात. विक्रीची ओळ वजा नसेल, किंवा हलवण्याची बेरीज शून्य नसेल, तर ती ओळ लगेच लाल होते:

```
=AND($C2="विक्री",$D2+$E2>=0)
=AND($C2="हलवणे",$D2+$E2<>0)
```

साठ्याच्या पानावर C किंवा D शून्याखाली गेला तर तो चौकोनही लाल व्हावा अशी अट लावावी. उणे आकडा दिसला की नसलेल्या साडीचा शब्द दिला गेला आहे किंवा एखादी आवक लिहायची राहिली आहे. दोन्ही गोष्टी त्याच क्षणी पाहण्यासारख्या असतात.

आधी ओळ, मग होकार

आता रोजचा व्यवहार. व्हॉट्सॲपवर विचारणा आली, “ताई, चिंचेच्या रंगाची ती साडी आहे का अजून?”, तर साठ्याच्या पानावरचा D म्हणजे घर हा रकाना पाहावा, E म्हणजे एकूण पाहू नये. घर १ किंवा जास्त असेल तर “हो जी, आहे, दोन मिनिटं द्या, नोंद करून सांगते” असे कळवावे, नोंदीत राखीवची ओळ टाकावी, साठ्याचा आकडा उतरलेला पाहावा आणि त्यानंतरच पक्का होकार द्यावा. एकच फोटो तीन गटांत टाकलेला असतो तेव्हा तिन्ही ठिकाणांहून “मला हवी” असे निरोप एकापाठोपाठ येतात, आणि घरात दोघी जणी दोन फोनवरून उत्तरे देत असतील तर आधी ओळ लिहिणाऱ्या व्यक्तीलाच होकार देण्याचा अधिकार असतो. आमच्या घरी मी आणि माझी जाऊ अशा दोघी आहोत, आणि या एका नियमामुळे आमच्यातला “मला वाटलं तू सांगितलं असशील” हा संवाद बंद झाला.

इथे एक सावधगिरी बाळगावी. मोबाइलला नेटवर्क नसतानाही शीट फोनवर उघडू शकते, ओळही लिहिता येऊ शकते, पण ती दुसऱ्याच्या फोनवर पोहोचत नाही. गाडीत किंवा बाजारात असताना होकार देण्याऐवजी घरी असलेल्या व्यक्तीकडून ओळ लिहून घ्यावी.

राखीव साडीला मुदत असावी. आमच्याकडे सकाळी मागितलेल्या साडीचे पैसे त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आले पाहिजेत असे आम्ही होकारासोबतच सांगतो आणि ती वेळ F रकान्यात लिहितो. पैसे आले की त्याच ओळीतला ‘राखीव’ हा शब्द बदलून ‘विक्री’ करावा आणि आकड्याला हात लावू नये. नोंदीतली जुनी ओळ बदलण्याची परवानगी एवढ्यापुरतीच आहे. पैसे येतात तेव्हा नवशिके हमखास विक्रीची वेगळी ओळ टाकतात, त्यामुळे एकच साडी दोनदा वजा होते आणि कपाटात असलेला नग शीटवर दिसेनासा होतो. मुदत टळली तर नवी ओळ टाकून ‘सोडले’, घर +1 असे लिहावे.

कागदावर ओळ लिहिली की साडीही जागेवरून हलली पाहिजे. राखीव आणि विकलेली साडी लगेच कपाटातून काढून वेगळ्या फळीवर ठेवावी. मग कपाटात उरलेल्या साड्या आणि शीटमधला ‘एकूण’ रकाना यांची गाठ कधीही घालून पाहता येते.

घरचा ढीग संपला आणि बाजारात एक आहे

सगळ्यात जपून वागण्याची वेळ ही आहे. वरच्या उदाहरणात बाजार १, घर ० अशी स्थिती आहे आणि धरमपेठच्या एका काकूंनी साडी मागितली आहे. कपाटात साडी डोळ्यांसमोर दिसते, म्हणून हो म्हणण्याचा मोह होतो. आमची धनत्रयोदशीची चूक नेमकी हीच होती. ती साडी काकूंना देता येते, पण पायऱ्यांचा क्रम चुकता कामा नये.

आधी सेलर पॅनल उघडून `TK-11` चा आकडा ० करावा आणि जतन करावा. बदल ग्राहकाच्या पडद्यावर पोहोचायला काही मिनिटे लागू शकतात, म्हणून थोडे थांबून, फोनवरून ग्राहकासारखे त्या साडीचे पान उघडून ती खरोखरच अनुपलब्ध दिसते का ते पाहावे. त्यानंतर ऑर्डरींची यादी ताजी करावी. हे शेवटचे पाऊल बहुतेक जण गाळतात, पण आपण आकडा शून्य करत असतानाच ऑर्डर पडलेली असू शकते, आणि पडलेली ऑर्डर आकडा शून्य केल्याने नाहीशी होत नाही. ऑर्डर आलेली असेल तर विक्रीची ओळ लिहावी, बाजार -1, आणि काकूंना ती साडी गेल्याचे सांगावे. ऑर्डर नसेल तर हलवण्याची ओळ लिहावी, बाजार -1, घर +1, मग राखीवची ओळ आणि मग होकार.

उलट दिशेने, म्हणजे घरचा नग बाजारपेठेवर लावताना, क्रमही उलटा असतो: आधी शीटमध्ये हलवण्याची ओळ, घर -1, बाजार +1, आणि मग पॅनलवरचा आकडा वाढवायचा. दोन्ही वेळी तत्त्व एकच आहे: ज्या ढिगातून काढायचे आहे तिथून आधी काढावे, ज्यात घालायचे आहे त्यात नंतर घालावे. मधल्या वेळात साडी कुठेच विकाऊ नसेल तर फार तर दहा मिनिटांची विक्री हुकते. ती दोन्हीकडे विकाऊ असेल तर एका ग्राहकाला नकार द्यावा लागतो.

शेवटचा एकच नग कुठल्या ढिगात ठेवावा, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या विक्रीवरून ठरवावे. माझे मत तो घरी ठेवावा असे आहे, कारण व्हॉट्सॲपवर होकार देण्याआधी माणूस थांबून कपाट पाहू शकतो. साडीवर डाग निघाला तरी काकूंशी बोलून मार्ग निघतो. मात्र ज्यांची विक्री बहुतांशी बाजारपेठेवरच होते, त्यांनी तो तिथे ठेवून व्हॉट्सॲपवर नाही म्हणण्याची तयारी ठेवावी. दोन्ही बरोबर आहे. दोन्हीकडे ठेवणे चूक आहे.

बाजारपेठेच्या ऑर्डरी आणि परत आलेला माल

ऑर्डर दिसताच ओळ लिहावी, पाठवल्यावर नव्हे. काही ऑर्डरी पैशांची पडताळणी चालू असल्यामुळे `Pending` या स्थितीत दिसतात. त्यांचीही ओळ तेव्हाच लिहावी, कारण तो नग आता दुसऱ्याला देण्यासारखा उरलेला नसतो. ऑर्डर पुढे रद्द झाली तर पॅनलवरचा आकडा आपोआप वाढला आहे का ते आधी पाहावे. वाढला असेल तर ‘सोडले’, बाजार +1. वाढला नसेल तर ‘सोडले’, घर +1. शीटने बाजारच्या ढिगाबद्दल जे सांगायचे ते पॅनलवर दिसणाऱ्या आकड्याप्रमाणेच सांगितले पाहिजे.

घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरींमध्ये न स्वीकारलेली पार्सले परत येतात. पार्सल परत निघाल्याचा संदेश आला म्हणून साडी साठ्यात घेऊ नये. ती वाटेत किती दिवस राहील ते आपल्या हातात नसते, आणि उघडल्यावर घडीवर डाग किंवा काठाला ओढलेला धागा निघू शकतो. पार्सल उघडून, साडी पूर्ण उलगडून उजेडात पाहिल्यानंतरच ‘परत जमा’, घर +1 अशी ओळ लिहावी. खराब निघाली तर ओळच लिहू नये, कारण विक्रीच्या वेळी ती आधीच वजा झालेली असते.

एक चूक मात्र सगळ्या शीटवर पाणी फिरवते. बाजारपेठा सर्व वस्तूंचे आकडे एका फाइलमधून एकदम चढवण्याची सोय देतात. काल उतरवून ठेवलेली फाइल आज चढवली, तर मधल्या काळात संपलेल्या साड्या कालच्या आकड्यांसह पुन्हा विकाऊ होतात. फाइल चढवायचीच असेल तर ती त्याच वेळी साठ्याच्या C रकान्यावरून नव्याने करावी. पन्नासपेक्षा कमी कोड असतील तर मी हाताने एकेक बदलण्याचाच सल्ला देईन.

संध्याकाळचा मेळ

रोज एका ठरलेल्या वेळी, आमच्याकडे दिवेलागणीनंतर, दोन तुलना कराव्यात: पॅनलवरचा आकडा आणि C रकाना, कपाटातले नग आणि E रकाना. सगळे कोड रोज मोजायची गरज नाही. त्या दिवशी नोंदीत ज्यांच्या ओळी पडल्या तेवढेच रोज पाहावेत आणि आठवड्यातून एकदा संपूर्ण कपाट मोजावे.

फरक कुठल्या बाजूला आहे यावरून चूक कुठे झाली याचा अंदाज येतो. पॅनलवरचा आकडा शीटपेक्षा कमी असेल तर एखादी ऑर्डर लिहायची राहिली आहे. ऑर्डरींची यादी F रकान्याशी ताडून पाहिली की ती सापडते. पॅनलवरचा आकडा जास्त असेल तर प्रकरण जोखमीचे असते: बहुधा शीटमध्ये साडी बाजारातून घरी हलवली, पण पॅनलवरचा आकडा कमी करायचाच राहिला, किंवा केलेला बदल जतन झाला नाही. अशा वेळी कारण शोधण्याआधी पॅनलवर त्या कोडचा आकडा ० करावा आणि मग शांतपणे शोधत बसावे. कपाटात शीटपेक्षा कमी साड्या असतील तर घरून कोणाला तरी न लिहिता दिली गेली आहे, आणि जास्त असतील तर राखीव साडी दोनदा वजा झाली आहे किंवा सोडलेली साडी लिहायची राहिली आहे.

कारण सापडले तर राहिलेली ओळ लिहावी. सापडलेच नाही तर ‘फरक’ या प्रकाराची ओळ टाकून आकडा कपाटाप्रमाणे करून घ्यावा आणि F मध्ये ‘कारण कळले नाही’ असे स्पष्ट लिहावे. एखाद्या चौकोनातला आकडा कोणी बदलला असा संशय असेल तर त्यावर उजवी कळ दाबून `Show edit history` पाहता येते.

ही पद्धत कुठे अपुरी पडते

दोन ढीग केले की साठा अडकतो. बाजारात ० आणि घरी २ असताना बाजारपेठेवरचा ग्राहक रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून आम्ही रोज सकाळी एकदा ढिगांची वाटणी नव्याने करतो, आणि दिवाळीच्या आठवड्यात ती रात्री झोपण्यापूर्वीही करतो: रात्री व्हॉट्सॲपवर होकार द्यायला कोणी जागे नसते, म्हणून चालणाऱ्या रंगांचे जास्त नग बाजारात हलवतो आणि सकाळी उरलेले परत आणतो. वर सांगितलेला क्रम पाळूनच हे करावे लागते, त्यामुळे वीसेक मिनिटे जातात. मंद चालणाऱ्या मालासाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

रेशीमबागच्या मैदानावर एखादे प्रदर्शन असेल तर ‘प्रदर्शन’ नावाचा तिसरा ढीग करावा लागतो. त्यासाठी नोंदीत आणि साठ्यात एकेक रकाना वाढवावा, आणि ‘एकूण’, तपासणीचे सूत्र व लाल रंगाच्या अटी या सगळ्यांत तो रकाना न विसरता धरावा. गाठोडे घेऊन निघण्याआधी त्या साड्या बाजारातून आणि घरातून काढून तिकडे हलवाव्यात, आणि परतल्यावर मोजून परत आणाव्यात.

एकाच कोडची बाजारपेठेवर आणि व्हॉट्सॲपवर मिळून तासाला अनेक विक्री होऊ लागली, किंवा तिसरी आणि चौथी बाजारपेठ जोडली, तर हाताने ढीग हलवणे विक्रीच्या वेगाला पुरत नाही. त्याची खूण म्हणजे संध्याकाळच्या मेळात एकाच आठवड्यात तीन-चार वेळा कारण न कळलेले फरक निघू लागतात, किंवा घर ० असताना पॅनल शून्य करून ऑर्डर तपासण्याची कसरत दिवसातून पाच-सहा वेळा करावी लागते. तेव्हा सर्व बाजारपेठांचे आकडे आपोआप जुळवणारे साठ्याचे सॉफ्टवेअर घ्यावे. नोंदीचे पान तेव्हाही कामी येते, कारण सॉफ्टवेअरला पहिल्या दिवशी द्यावा लागणारा प्रत्येक कोडचा सुरुवातीचा साठा त्यातूनच मिळतो.